न वितळता जुळणारे ॲल्युमिनियम

लोखंडी गेट, ग्रिल, सांगाडे यांचे वेल्डिंग करणारा माणूस कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हाकेच्या अंतरावर सापडतो. ॲल्युमिनियमवर हात बसलेला वेल्डर मात्र शोधावा लागतो आणि त्याचा दरही जास्त असतो. त्यात नवल नाही. हा धातू वितळवून जोडायला गेले की तो जागोजागी अडवतो.

पहिली अडचण वरच्या पापुद्र्याची. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. आतला धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो, पण हा थर वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागते. त्यामुळे आत धातूचे पाणी झालेले असते आणि वर पापुद्रा तसाच असतो. दुसरी अडचण उष्णतेची. पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियम उष्णता कितीतरी झपाट्याने वाहून नेते आणि तापल्यावर जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून एका जागी उष्णता टिकवायला ती जास्त ओतावी लागते आणि मग पत्रा वाकडा होतो. त्यातच हा धातू वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे रंगावरून अंदाज घेण्याची सोयही नसते. आत्ता घट्ट दिसणारा पत्रा पुढच्या क्षणी खाली गळतो.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषते, घट्ट होताना मात्र त्याला तो सामावून घेता येत नाही. ओलावा, तेलाचा अंश, दमट हवा यांतून आलेला हा वायू बाहेर पडायला धडपडतो आणि जोडात बारीक छिद्रे ठेवून जातो. पावसाळ्यात हा त्रास वाढतो तो यामुळेच. शिवाय घट्ट होताना धातू आकसतो. काही मिश्रधातूंमध्ये हा ताण इतका असतो की अर्धवट गोठलेला जोड तिथेच तडकतो. विमानांत वापरल्या जाणाऱ्या तांबेयुक्त आणि जस्तयुक्त मिश्रधातूंपैकी कित्येक या कारणाने वेल्डिंगला अयोग्य ठरवले गेले आणि विमानांचे पत्रे रिव्हेटने जोडणे चालू राहिले.

या सगळ्या अडचणींचे मूळ धातू वितळण्यात आहे. तो वितळूच दिला नाही तर? १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. ते तंत्र फ्रिक्शन स्टर वेल्डिंग या नावाने ओळखले जाते. घर्षणाने धातू मऊ करायचा आणि तो घन असतानाच ढवळून एकजीव करायचा.

एका जोडाची गोष्ट

हे कसे घडते ते एका साध्या कामावरून पाहू. ६०६१ हा मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेला, बाजारात सहज मिळणारा मिश्रधातू आहे. त्याच्या ६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेट कडेला कड लावून जोडायच्या आहेत. वितळवून जोडताना अशा जाडीला कडा तिरप्या कापून मध्ये खाच करावी लागते आणि ती वेगळ्या तारेने भरावी लागते. इथे कडा सरळ कापलेल्या आणि स्वच्छ असल्या की पुरते. प्लेट एका जाड पोलादी पाटावर ठेवतात आणि क्लॅम्पने अशा आवळतात की त्या ना वर उचलल्या जातील, ना एकमेकींपासून सरकतील.

यंत्र दिसायला मिलिंग मशीनसारखे असते. त्याच्या स्पिंडलमध्ये एक टूल बसवतात. टूलचे दोन भाग महत्त्वाचे: वरचा रुंद खांदा आणि त्याच्या मधोमध खाली आलेली आखूड पिन. आपल्या कामासाठी खांद्याचा व्यास १८ मिलिमीटर, पिनचा ६ मिलिमीटर आणि पिनची लांबी ५.६ मिलिमीटर असे समजू. पिनवर बहुधा आटे पाडलेले असतात. टूल एच-१३ या साच्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादाचे असते, कारण ५०० अंशांच्या आसपासही ते आपला कडकपणा सोडत नाही. हे टूल झिजून जोडात उतरत नाही, ते फक्त काम करून बाहेर येते.

मिनिटाला १००० फेरे घेणारे टूल दोन प्लेटच्या फटीवर हळूहळू दाबले जाते. पिन आत शिरते आणि खांदा पृष्ठभागाला टेकून ०.२ मिलिमीटर आत रुततो. इथे टूल काही सेकंद जागच्या जागी फिरत राहते. पृष्ठभागावर घासणारा खांदा बहुतेक उष्णता निर्माण करतो आणि त्याच्याखालचा धातू साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापतो. ६०६१ वितळू लागतो तो ५८० अंशांच्या पुढे, म्हणजे अजून अंतर राखलेले असते. हे अंतर बऱ्याच अंशी आपोआप राखले जाते. धातू जितका तापेल तितका मऊ होतो, आणि जितका मऊ होईल तितका टूलला होणारा विरोध कमी होऊन उष्णताही कमी निर्माण होते. प्रक्रिया स्वतःलाच लगाम घालते.

मग टूल फटीच्या रेषेवरून मिनिटाला २०० मिलिमीटर वेगाने पुढे निघते. ते किंचित मागे, दोन-तीन अंश, कललेले असते. त्यामुळे खांद्याची मागची कड धातू खाली दाबत जाते. पिनच्या पुढ्यातला मऊ धातू पिनला वळसा घालून मागे जातो, तिथे दाबला जातो आणि थंड होऊन जोड बनतो. दोन रंगांच्या कणकेचे गोळे तिंबून एक करावेत तसे दोन्ही प्लेटचे धातू एकमेकांत मिसळतात. ऑक्साइडचा तो पापुद्रा या ढवळण्यात फुटून विखुरतो. धातूचे मोठे कण मोडून त्यांच्या जागी काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरातले, नवे बारीक कण तयार होतात. म्हणून ढवळलेला मधला पट्टा चिवट असतो.

काम झाल्यावर जोडावर अर्धगोल रेषांची एकसारखी नक्षी उरते. टूल एका फेऱ्यात जेवढे पुढे सरकले तेवढेच या रेषांमधले अंतर असते. मिनिटाला २०० मिलिमीटरला १००० फेऱ्यांनी भागले की ०.२ मिलिमीटर येतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाच रेषा. भिंगातून रेषा मोजून यंत्राचा वेग आणि फेरे यांचे गुणोत्तर तपासता येते.

या जोडाच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. टूल फिरत असताना पुढेही जात असते. एका बाजूला त्याच्या फिरण्याची दिशा आणि जाण्याची दिशा एकच असते, दुसऱ्या बाजूला त्या उलट असतात. धातू पहिल्या बाजूकडून खरवडला जातो, दुसऱ्या बाजूने वळसा घेतो आणि परत येऊन पहिल्या बाजूची जागा भरतो. ही जागा पुरती भरली नाही तर तिथे पोकळी राहते. म्हणून दोष शोधताना जाणकार आधी पहिल्या बाजूचा तळ पाहतात.

वितळले नाही म्हणून काय मिळाले

धातू द्रवरूप झालाच नाही, तेव्हा हायड्रोजन शोषला जाण्याचा आणि त्याची छिद्रे पडण्याचा प्रश्न उरत नाही. गोठताना आकसण्याचा ताण नाही, म्हणून तशी तडही जात नाही. जे मिश्रधातू वितळवून जोडणे धोक्याचे मानले जाई, ते या तऱ्हेने जोडता येऊ लागले. उष्णता कमी लागत असल्याने प्लेट कमी वाकडी होते. भराव्याची तार लागत नाही, ॲल्युमिनियमसाठी आर्गनची नळकांडी लागत नाहीत, डोळे दिपवणारा झोत नाही, ठिणग्या नाहीत, धूर नाही.

याचा पहिला मोठा फायदा नॉर्वेतल्या जहाजबांधणीला झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यात हेउगेसुंद इथल्या हायड्रो मरीन ॲल्युमिनियम या कंपनीने वेगवान फेरीबोटींसाठी लांबलचक पट्ट्या शेजारीशेजारी जोडून मोठी पॅनेल बनवायला सुरुवात केली. अशा पॅनेलचा सपाटपणा फार मोलाचा असतो. वितळवून जोडलेले पॅनेल वाकते, मग ते तापवून-ठोकून सरळ करण्यात मजुरी जाते आणि जहाजावर बसवताना पुन्हा कापाकापी करावी लागते. घर्षणाने जोडलेले पॅनेल सपाट आणि मापात येते, त्यामुळे गोदीतले पुढचे कामही सोपे होते. जपानमध्ये हिताचीने रेल्वेच्या डब्यांसाठी हीच वाट धरली. आतून पोकळ असलेल्या, डब्याच्या लांबीइतक्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कडेने जोडल्या की बाजूची पूर्ण भिंत तयार होते.

या उदाहरणांत जोड लांब, सरळ आणि पुन्हा पुन्हा तसाच करायचा आहे. तंत्राचा जीव इथेच आहे आणि त्याची अट देखील हीच आहे.

जोर आणि फट

उष्णतेची बचत झाली खरी, पण तिची किंमत जोराच्या रूपात मोजावी लागते. आपल्या ६ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये टूल दाबून ठेवायला साधारण एक टन किंवा त्याहून जास्त जोर लागतो. तो झेलायला खाली न लवणारा पाट हवा, वर भक्कम क्लॅम्प हवेत आणि सगळे पेलणारे जड यंत्र हवे. वेल्डर आर्गनची टॉर्च हातात घेऊन शिडीवर चढू शकतो. हे यंत्र जॉबकडे जात नाही, जॉबलाच यंत्राकडे यावे लागते. इमारतीच्या गच्चीवरचे रेलिंग किंवा रस्त्यात तुटलेली ट्रकची टाकी यांना या तंत्राचा उपयोग नाही. बारीक कोपरे, अरुंद वळणे, नळ्यांचे सांधे यांतही टूलच्या खांद्याला जागा मिळत नाही.

दुसरी अट फटीची. इथे बाहेरून धातू येत नाही, मग फट भरणार कशाने? ढोबळ हिशोब करून पाहू. प्लेट ६ मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि त्यांच्यात ०.६ मिलिमीटरची फट राहिली आहे. तर जोडाच्या प्रत्येक मिलिमीटर लांबीमागे ३.६ घन मिलिमीटर धातू कमी पडला. १८ मिलिमीटर रुंद खांदा ०.२ मिलिमीटर रुतला तर त्याच्याखालून बाजूला होणारा धातूही जवळजवळ तेवढाच, ३.६ घन मिलिमीटर. म्हणजे खांद्याने दाबलेला सगळा धातू फटीतच संपला, दाबून घट्ट करायला काही उरले नाही. म्हणून जाडीच्या दहा टक्क्यांच्या आत फट ठेवावी, असा कामापुरता दंडक पाळतात. प्लेट कापण्यातली चूक भराव्याच्या तारेने झाकून घेण्याची सवय इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट उघड दिसते. काम संपल्यावर टूल वर उचलले की पिनच्या जागी तिच्याच आकाराचा खड्डा उरतो. सरळ प्लेट असेल तर टोकाला जास्तीचा तुकडा जोडतात, टूल त्यात नेऊन बाहेर काढतात आणि तो तुकडा कापून टाकतात. गोल टाकीच्या जोडाला असे टोक नसते. तिथे पिन पुढे जाता जाता हळूहळू वर ओढून घेणारे टूल वापरावे लागते, नाहीतर उरलेल्या भोकात त्याच धातूची मेख फिरवून बसवावी लागते.

तळाचा ०.२ मिलिमीटर

दिसणारे दोष सोपे असतात. फेरे जास्त किंवा दाब जास्त झाला तर धातू फार मऊ होतो आणि खांद्याच्या कडेने पातळ चकलीवाटे बाहेर पडतो. पुढे जाण्याचा वेग जास्त आणि उष्णता कमी झाली तर धातू वळसा पुरा करत नाही आणि आत बोगद्यासारखी सलग पोकळी राहते. वरून जोड सुरेख दिसत असतानाही ती आत असू शकते, पण एक्स-रे किंवा अल्ट्रासोनिक तपासणीत ती सापडते.

खरा फसवा दोष तळाशी असतो. पिन ५.६ मिलिमीटर लांब, खांदा ०.२ मिलिमीटर रुतलेला आणि प्लेट ६ मिलिमीटर जाड, म्हणजे खाली थोडा धातू पिनला न शिवता राहतो. तो वरच्या ढवळण्याच्या दाबाने आणि उष्णतेने जुळणे अपेक्षित असते. पिन पूर्ण जाडीची ठेवली तर ती खालच्या पोलादी पाटाला घासेल. पण प्लेट एखाद्या ठिकाणी ६.२ मिलिमीटर भरली, पाट थोडा लवला किंवा पिन झिजली, की तळाच्या कडा नुसत्या एकमेकींना चिकटून बसतात, एकजीव होत नाहीत. मध्ये पोकळी नसल्याने एक्स-रेमध्ये काही दिसत नाही आणि अल्ट्रासोनिक लहरीही बऱ्याचदा पार निघून जातात. वारंवार कमी-जास्त होणाऱ्या भाराखाली मात्र तड नेमकी इथूनच सुरू होते.

हा दोष पकडायचा सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे. जोडाला आडवी पट्टी कापायची आणि तळाची बाजू बाहेर ठेवून ती वाकवायची. तळ नुसता चिकटलेला असेल तर तो लगेच उकलतो. दुसरी पट्टी घासून-चकचकीत करून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवली तर ढवळलेला भाग वेगळा उठून दिसतो आणि तो तळापर्यंत पोहोचला का ते कळते. पण दोन्ही चाचण्यांत जोड कापावा लागतो. म्हणून वापरायच्या जोडाची खात्री यंत्राच्या नोंदींवरून घेतात. दाब, फेरे, वेग आणि टूलला लागणारा पीळ आधी तपासून पसंत केलेल्या नमुन्याप्रमाणेच राहिला का, हे पाहिले जाते.

टूलमधला बदल किती महागात पडू शकतो हे 'नासा'च्या एसएलएस रॉकेटच्या बाबतीत दिसले. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मिशू कारखान्यात या रॉकेटच्या ८.४ मीटर व्यासाच्या इंधनटाक्या अशाच पद्धतीने जोडतात. काम चालू असताना टूलच्या पिनची रचना बदलली गेली आणि २०१७ मध्ये काही जोडांची ताकद अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे आढळले. काम थांबले, कारणाचा शोध घ्यावा लागला आणि पुन्हा आधीच्या रचनेकडे वळावे लागले. यंत्र तेच होते, मिश्रधातू तोच होता. पिन बदलली तसा धातूचा वळसा बदलला.

जोड चांगला, शेजार मऊ

समजा, आपल्या दोन प्लेट निर्दोष जुळल्या. तरी ओढून पाहिल्यावर त्या अखंड प्लेटइतका भार घेणार नाहीत. बहुतेक वेळा तुटतील त्या मध्यभागी नव्हे, तर थोड्या बाजूला.

याचे कारण प्लेटच्या पूर्वायुष्यात आहे. ६०६१ ची टी-६ दर्जाची प्लेट कारखान्यात सुमारे ५३० अंशांना तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि मग १६०-१७५ अंशांना काही तास ठेवतात. या काळात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि त्याला ताकद देतात. जोडाच्या शेजारचा पट्टा ढवळला जात नाही, पण तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापतो. त्या तापमानाला ते सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे आणि विरळ होतात आणि धातू मऊ पडतो. वितळवून जोडतानाही हे होतेच, उलट तिथे जास्त होते. घर्षणाच्या जोडात नुकसान कमी होते, टळत नाही. सगळा भाग पुन्हा तापवून, थंड करून ताकद परत आणता येते, पण दहा मीटरचे पॅनेल पाण्यात बुडवून थंड केले तर ज्या सपाटपणासाठी एवढा खटाटोप केला तोच जाईल. ज्या मिश्रधातूंची ताकद अशा सूक्ष्म कणांवर अवलंबून नाही आणि जे मुळात मऊ अवस्थेत वापरले जातात, त्यांचा जोड मात्र अखंड प्लेटच्या बरोबरीला येतो. जहाजांत वापरल्या जाणाऱ्या ५०८३ ची मऊ प्लेट अशी असते.

टी-६ प्लेटचा फरक आकड्यांत पाहू. १०० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड अखंड पट्टी तुटायला साधारण १९ टन ओढ लागते. घर्षणाने जोडलेल्या चांगल्या पट्टीत सुमारे तीन चतुर्थांश ताकद उरते असे धरले तर ती १४ टनांच्या आसपास तुटेल. वितळवून जोडलेल्या पट्टीसाठी वेल्डिंगच्या नियमांत जी किमान ताकद धरली जाते, त्या हिशोबाने आकडा १० टनांच्या जवळ येतो. म्हणजे फायदा मोठा आहे, पण अखंड प्लेटचे १९ टन गृहीत धरून आराखडा करणारा अभियंता फसेल.

ही उणीव वेल्डिंग सुधारून भरून निघत नाही, ती आराखड्यातच सोडवावी लागते. पट्टी साच्यातून ओढून काढतानाच तिच्या कडा जाड ठेवता येतात. पट्टी ६ मिलिमीटर आणि जोडाजवळची कड ८ मिलिमीटर ठेवली, तर मऊ पडलेल्या धातूला एक तृतीयांश जास्त जाडी मिळते आणि जोडाची ताकद बाकीच्या पट्टीच्या बरोबरीला येते. पूर्ण पत्रा ८ मिलिमीटरचा घेतला असता तर जे वजन वाढले असते, ते वाचते. अर्थात मग पिनची लांबी, खांद्याची रुंदी आणि खालून लागणारा जोर यांचा हिशोब ८ मिलिमीटरसाठी नव्याने मांडावा लागतो.